पावत्यांची बेरीज २ लाख २२ हजार, बँकेची बाकी २ लाख ७५ हजार

प्रश्न : माझी मुलगी बीसीएच्या शेवटच्या वर्षात गेली आहे. तिच्या नावावर ४ लाखांचं शैक्षणिक कर्ज मंजूर आहे. बँकेने आतापर्यंत दोन वर्षांची फी थेट कॉलेजला दिली. माझ्याकडे फीच्या दोन पावत्या आहेत : १ लाख १० हजार आणि १ लाख १२ हजार. बँक मात्र ३१ मार्च २०२५ला २,७५,१४३ रुपये बाकी दाखवते. शाखेत विचारलं तर ‘मॅडम, व्याज लागतंच ना,’ एवढंच उत्तर मिळालं. दोन वर्षांतच एवढं व्याज होतं का? तिसऱ्या वर्षाची फी आता भरायची आहे, म्हणून त्याआधी विचारते. आणि शिक्षण चालू असताना व्याज भरत जावं का? स्टेटमेंट, मंजुरीपत्र आणि पावत्यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.
— एक आई

उत्तर :

ताई, नाही होत. तुमच्या पावत्या आणि बँकेची बाकी यांत ५३,१४३ रुपयांचा फरक आहे. त्यातले २४ हजार व्याजाचे नाहीतच. उरलेले २९,१४३ व्याजाचे आहेत, पण तेही जरा जास्त लागले आहेत. तुम्ही कागद पाठवलेत म्हणून हे ठामपणे सांगता येतं. नुसती बाकी कळवली असती, तर शाखेतल्या माणसाने दिलं त्यापेक्षा फार वेगळं उत्तर मलाही देता आलं नसतं.

आधी २४ हजारांचं पाहू. कर्जखात्याच्या स्टेटमेंटमध्ये दर महिनाअखेरीला व्याजाची एक नोंद पडते. त्या सगळ्या नोंदी पेन्सिलने खोडून टाका. नावे पडलेलं जे उरेल, ती तुमची खरी उचल. तुमच्या स्टेटमेंटमध्ये अशा तीनच नोंदी उरतात. १० ऑगस्ट २०२३ला कॉलेजच्या नावाचा १,२०,०००चा डीडी, त्याच दिवशी ६,०००ची आणखी एक नोंद, आणि १३ सप्टेंबर २०२४ला एनईएफटीने गेलेले १,२०,०००. एकूण २,४६,०००. पावत्या जुळवायच्या त्या या आकड्याशी. शिल्लक बाकीशी त्या कधीच जुळणार नाहीत, कारण बाकीत व्याज मिसळलेलं असतं. बहुतेक पालक इथेच अडकतात.

आता एकेक उचल आणि तिची पावती समोरासमोर ठेवा.

पहिल्या वर्षी बँकेने १,२०,००० दिले आणि तुमच्याकडची पावती १,१०,०००ची आहे. पावतीखालच्या बारीक छपाईत ‘अनामत रकमेची पावती स्वतंत्र’ असं लिहिलं आहे. म्हणजे १०,००० रुपये परत मिळण्याजोगी अनामत म्हणून घेतले आहेत आणि त्याची वेगळी पावती फाडली आहे. ती मुलीच्या प्रवेशाच्या फाइलमध्ये असेल. नसेल तर कॉलेजच्या लेखा विभागाकडून दुसरी प्रत मागा. हा कागद हरवू देऊ नका. शिक्षण संपल्यावर अनामत परत मागताना पुष्कळ कॉलेजं मूळ पावती मागतात. ती रक्कम परत मिळेल तेव्हा जाईल कर्जखात्यात. पैसे बँकेचे आहेत आणि त्यांवर तुम्ही व्याज मोजता आहात. तीन वर्षं १० टक्क्यांनी सांभाळलेली अनामत तुम्हाला तीन हजारांना पडते, आणि कॉलेज त्यावर सहसा काहीच देत नाही.

दुसरं वर्ष जरा गमतीचं आहे. बँकेने पुन्हा १,२०,०००च पाठवले. मंजुरीच्या वेळी कॉलेजने दिलेल्या खर्चाच्या अंदाजपत्रकात दर वर्षाला तोच आकडा होता, आणि शाखेने फीची ताजी मागणी न बघता अंदाजपत्रकाप्रमाणे पैसे सोडले. प्रत्यक्षात दुसऱ्या वर्षी अनामत लागली नाही आणि फी २ हजारांनी वाढली. म्हणून पावती १,१२,०००ची. उरलेले ८,००० कॉलेजकडे मुलीच्या नावावर जमा असायला हवेत. ‘हवेत’ म्हणते, कारण हे पावतीवर दिसत नाही. त्यासाठी कॉलेजकडून मुलीचा खातेउतारा मागा. बरीच कॉलेजं त्याला स्टुडंट लेजर म्हणतात. त्यात बँकेकडून कोणत्या तारखेला किती आले, कोणत्या शीर्षाखाली किती वळते केले आणि किती शिल्लक आहे हे एका पानावर कळतं. पावती पैसे घेतल्याचा पुरावा देते, पण आलेल्या पैशांतले किती उरले हे ती सांगत नाही.

कधी कधी अशी जास्तीची रक्कम कॉलेज विद्यार्थ्याच्या बचत खात्यात परत करतं. शिष्यवृत्ती उशिरा मंजूर झाली की हे हमखास होतं. बँकेने पूर्ण फी दिलेली असते, मागाहून शिष्यवृत्ती येते आणि तेवढी फी मुलाच्या खात्यात परत जाते. घरी कोणाला पत्ता नसतो आणि कर्ज तसंच राहतं. म्हणून लेजरबरोबर मुलीचं पासबुकही एकदा बघा. तिच्यावर संशय घेऊन नव्हे. अशा जमा नोंदीवर कॉलेजचं नाव नेहमी नीट येत नाही आणि मुलांना वाटतं, काहीतरी परतावा असेल.

राहिले ते ६,०००. स्टेटमेंटमधल्या अर्धवट कापलेल्या इंग्रजी अक्षरांवरून तो विम्याचा हप्ता आहे. मंजुरीपत्राच्या दुसऱ्या पानावर ‘कर्जदार विद्यार्थ्याच्या आयुर्विम्याचा एकरकमी हप्ता कर्जातून’ असं कलम आहे आणि खाली मुलीची व तुमची सही आहे. त्यामुळे ही रक्कम चुकीची म्हणता येत नाही. कॉलेजच्या पावतीत ती कधीच येणार नाही, तिची पावती म्हणजे विम्याची पॉलिसी. ती तुमच्या हातात आली आहे का, ते बघा. नसेल तर शाखेकडून मागून घ्या. पॉलिसी कोणाच्या नावाची, किती वर्षांची आणि कर्ज लवकर फेडलं तर हप्त्याचा काही भाग परत मिळतो का, हे तीन मुद्दे त्यात वाचायचे. असं कलम आणि सही नसताना विम्याची नोंद आढळली, तर मात्र लेखी हरकत घ्यायची.

१०, ८ आणि ६ मिळून २४ हजार. जुळवणी संपली.

मोठं कर्ज असलेल्या वाचकांसाठी एक गोष्ट मध्येच सांगते. ४ लाखांपर्यंतच्या कर्जाला बँका सहसा पालकांचा हिस्सा मागत नाहीत, म्हणून तुमचं गणित सोपं आहे. त्यावरच्या कर्जाला देशातल्या शिक्षणासाठी साधारण ५ टक्के रक्कम पालकांनी घालायची असते आणि तीही दर वर्षीच्या उचलीबरोबर. तिथे पावती बँकेच्या रकमेपेक्षा मोठी निघेल. ते बरोबरच आहे. फक्त तुमच्या हिश्शाची पावती आणि बँकेच्या रकमेची पावती कॉलेजने वेगवेगळी दिली आहे की एकत्र, तेवढं बघायचं.

आता तारखा. डीडी १० ऑगस्टचा आणि पावती २९ ऑगस्टची. एनईएफटी १३ सप्टेंबरची आणि पावती ४ ऑक्टोबरची. व्याज पावतीच्या तारखेपासून लागत नाही. कर्जखात्यातून रक्कम निघाली त्या तारखेपासून लागतं. डीडी काढला त्याच दिवशी तुमच्या खात्याला नावे पडलं. मग तो मुलीच्या बॅगेत १९ दिवस राहिला असला, तरी १,२०,०००चं १९ दिवसांचं व्याज, साधारण ६२५ रुपये, लागणारच. त्याबद्दल बँकेशी भांडण्यात अर्थ नाही. तिसऱ्या वर्षीही डीडीच असेल, तर फी भरायच्या मुदतीच्या दोन-चार दिवस आधी काढून लगेच भरा.

एनईएफटीचं वेगळं. पैसे सहसा त्याच दिवशी पोचतात. कॉलेजचा लेखा विभाग आलेली रक्कम कोणत्या विद्यार्थ्याची हे शोधण्यात आठवडे घालवतो आणि पावती तेव्हा फाडली जाते. बँकेकडून त्या व्यवहाराचा यूटीआर नंबर घ्या आणि कॉलेजच्या लेजरमधल्या नोंदीशी ताडून बघा. नंबर जुळला की तो विषय संपला. न जुळणं तेवढं धोक्याचं. खाते क्रमांक चुकल्यामुळे एनईएफटी परत आली किंवा कॉलेजने डीडी परत केला, तर ती रक्कम कर्जखात्यात पुन्हा जमा झालेली दिसायला हवी. ती शाखेच्या एखाद्या मधल्या खात्यात पडून राहिली आणि तुम्हाला दुसरा डीडी मिळाला, तर एकाच फीची दोनदा उचल दिसते आणि दोन्हींवर व्याज चालू राहतं. तुमच्या स्टेटमेंटमध्ये तसं झालेलं नाही.

आता खरा विषय, व्याज.

तुमच्या मंजुरीपत्रात ‘शिक्षणकाळ आणि परतफेड सुरू होईपर्यंतच्या सवलतीच्या काळात सरळव्याज’ असं स्वच्छ लिहिलं आहे. इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेतही हेच आहे आणि बहुतेक सरकारी बँका त्याच चालीने जातात. वित्तीय कंपन्यांच्या अटी वेगळ्या असू शकतात. म्हणून प्रत्येकाने आधी आपलं मंजुरीपत्र वाचावं. सरळव्याज म्हणजे व्याज फक्त उचललेल्या रकमेवर. साठलेलं व्याज बाजूला राहतं, त्यावर पुन्हा व्याज लागत नाही. परतफेड सुरू होताना ते एकदाच मुद्दलात मिळवतात आणि त्या बेरजेवर मासिक हप्ता बांधतात. तिथून पुढचा हिशेब नेहमीच्या कर्जासारखा.

सरळव्याजाचं सूत्र शाळेतलंच आहे : मुद्दल × दर × दिवस ÷ ३६५००. प्रत्येक उचल वेगळी धरायची आणि ती निघाली त्या दिवसापासून दिवस मोजायचे. तुमच्या पहिल्या दोन नोंदी मिळून १,२६,००० होतात आणि १० ऑगस्ट २०२३पासून ३१ मार्च २०२५पर्यंत, दोन्ही टोकं धरून, ६०० दिवस. १० टक्क्यांनी व्याज २०,७१२. दुसऱ्या वर्षीचे १,२०,००० हे १३ सप्टेंबर २०२४पासून २०० दिवस. व्याज ६,५७५. दोन्ही मिळून, पैशांसकट बेरीज करून, २७,२८८ रुपये. बँकेने लावलं २९,१४३. १,८५५ रुपये जास्त.

हा जास्तीचा पैसा कुठून आला, हे शोधायला सगळे महिने तपासायची गरज नाही. एक सोपी युक्ती आहे. मध्ये कोणतीही नवी उचल झालेली नाही, काही भरणा नाही आणि दरही बदललेला नाही, असे ३१ दिवसांचे दोन महिने निवडा. सरळव्याज असेल तर दोन्ही महिन्यांचं व्याज रुपयाला रुपया सारखं यायला हवं. तुमच्या खात्यात ऑक्टोबर २०२३ आणि जुलै २०२४ हे असे दोन महिने आहेत. मुद्दल दोन्ही वेळा १,२६,०००, म्हणजे व्याज दोन्ही वेळा १,०७० यायला हवं. स्टेटमेंटमध्ये ऑक्टोबरला १,०८५ आहे आणि जुलैला १,१७०.

जुलैचा आकडा उलटा फिरवून बघा : १,१७० × ३६५०० ÷ (१० × ३१). उत्तर येतं साधारण १,३७,७५८. बँकेने जुलैचं व्याज ज्या रकमेवर लावलं, ती ही रक्कम. आता स्टेटमेंटमध्ये ३० जून २०२४ची बाकी बघा. १,३७,७२२. व्याज पूर्ण रुपयांत दाखवल्यामुळे ३५-४० रुपयांचा फरक पडतोच, तो सोडून द्या. म्हणजे बँकेची यंत्रणा दर महिन्याचं व्याज बाकीत मिळवते आणि पुढच्या महिन्याचं व्याज त्या फुगलेल्या बाकीवर काढते. ही चक्रवाढ झाली आणि मंजुरीपत्राशी ती जुळत नाही. ऑक्टोबरचे जादा १५ रुपयेसुद्धा याच हिशेबात बसतात. ऑगस्ट आणि सप्टेंबरचं मिळून १,८०१ रुपये व्याज तोवर बाकीत गेलं होतं, आणि त्यावरचं ३१ दिवसांचं व्याज १५ रुपयेच होतं.

दोन सावधगिऱ्या. व्याज दरमहा खात्याला नावे पडतं, एवढ्यावरून बँकेवर चक्रवाढीचा आरोप करू नका. काही बँका नोंद दरमहा टाकतात, पण पुढचं व्याज मोजताना ती रक्कम वगळतात. तिथे बाकी वाढताना दिसते आणि मासिक व्याज मात्र तेवढंच राहतं. म्हणून बाकीकडे न पाहता दोन महिन्यांचं व्याज ताडायचं. दुसरं म्हणजे २०२४ लीप वर्ष होतं. काही बँका अशा वर्षात ३६५ऐवजी ३६६ने भागतात. तसं केलं असतं तर जुलैचं व्याज १,०७०ऐवजी १,०६७ आलं असतं, म्हणजे तीन रुपयांनी कमीच. १,१७० कुठल्याही हिशेबात येत नाही.

१,८५५ रुपयांसाठी एवढा खटाटोप कशाला, असं शाखेत कोणीतरी म्हणेल. चक्रवाढीचं दुखणं सुरुवातीला असंच किरकोळ दिसतं. तिसऱ्या वर्षीची उचलही तेवढीच धरली, दर १० टक्केच ठेवला आणि शिक्षण संपल्यावर एक वर्षाची सवलत धरून ऑगस्ट २०२७पर्यंत हे असंच चालू दिलं, तर सरळव्याजापेक्षा १८ ते १९ हजार रुपये जास्त चढतात. शिवाय ते मुद्दलात मिसळून त्यावर हप्ता बांधला जातो. एकदा हप्ता बांधला की मागचं व्याज उकलून दाखवणं बँकेलाही जड जातं आणि तुम्हालाही. आत्ता फक्त दोन उचली आहेत आणि भरणा काहीच नाही. दुरुस्तीला यापेक्षा सोपी वेळ पुन्हा येणार नाही.

बहुधा खातं उघडताना व्याजाची पद्धत चुकीची निवडली गेली आहे. शाखेतला माणूस मुद्दाम करत नाही आणि काउंटरवरच्या पडद्यावर त्याला ते दिसतही नाही. त्याला दिसतं ते फक्त ‘सिस्टिमने काढलेलं’ व्याज. म्हणून तोंडी बोलण्यात वेळ घालवू नका. शाखा व्यवस्थापकांच्या नावे पत्र द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पत्र एका पानाचं पुरे. मंजुरीपत्रातलं सरळव्याजाचं कलम जसंच्या तसं उतरवा. ऑक्टोबर २०२३ आणि जुलै २०२४चं व्याज शेजारी शेजारी लिहा. दोन्ही उचलींचे दिवस आणि सरळव्याज मांडून २७,२८८ दाखवा. मग दोन मागण्या करा : पहिल्या उचलीपासून व्याज सरळ पद्धतीने पुन्हा मोजून जादा रक्कम खात्यात जमा करावी, आणि त्या मोजणीचा तक्ता द्यावा. ‘व्याज जास्त वाटतं’ असं मोघम लिहिलं तर उत्तरही मोघम येतं. दुरुस्ती झाली की एप्रिलपासूनच्या महिन्यांचाही जादा भाग परत आला पाहिजे, नुसता मार्चपर्यंतचा नव्हे. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. तिला पैसे लागत नाहीत. पोच असलेलं तुमचं पत्र तिथे जोडावं लागतं, म्हणून ती पोच महत्त्वाची.

याच पत्रात दराबद्दलही विचारा. तुमचं कर्ज रेपो दराशी जोडलेलं आहे, असं मंजुरीपत्र सांगतं. रेपो दर फेब्रुवारी २०२३पासून ६.५० टक्क्यांवर स्थिर होता, म्हणूनच तुमचे आधीचे महिने ताडणं सोपं गेलं. २०२५च्या फेब्रुवारीत तो ६.२५ झाला, एप्रिलमध्ये ६.०० आणि जूनमध्ये ५.५०. अशा कर्जांचा दर बँकेने किमान तीन महिन्यांतून एकदा नव्याने लावायचा असतो. त्यामुळे मार्चपर्यंत १० टक्के राहिला असेल तर नवल नाही, पण तिथून तो टप्प्याटप्प्याने एका टक्क्याने खाली यायला हवा. २,४६,०००वर एक टक्का म्हणजे वर्षाला २,४६० रुपये. पुढच्या स्टेटमेंटमध्ये हे तपासताना तेच सूत्र दुसऱ्या बाजूने वापरा : व्याज × ३६५०० ÷ (मुद्दल × दिवस). जे येईल तो बँकेने लावलेला दर. महिन्याच्या मधोमध दर बदलला असेल तर उत्तर जुन्या आणि नव्या दराच्या मध्ये येतं, तेव्हा घाबरू नका, पुढचा महिना बघा. आणि चक्रवाढीची दुरुस्ती होण्याआधी हे करत असाल, तर मुद्दलाच्या जागी आदल्या महिनाअखेरची बाकी घाला. नाहीतर दर उगाच फुगलेला दिसेल.

शिक्षण चालू असताना व्याज भरावं का? ते बंधनकारक नाही आणि न भरल्याने खातं थकीत होत नाही. झेपत असेल तर भरणं फायद्याचं आहे, पण आधी मंजुरीपत्रात एक ओळ शोधा. शिक्षणकाळात आणि सवलतीच्या काळात व्याज नियमित भरलं तर दरात १ टक्क्यापर्यंत सूट देण्याची मुभा आदर्श योजनेत बँकांना आहे. तुमच्या मंजुरीपत्रात तशी ओळ आहे, पण ‘संपूर्ण काळ, खंड न पडता’ अशी अटही आहे. तुमचं व्याज आता महिन्याला सरासरी २,०५० रुपये आहे आणि तिसरी उचल झाली की ते तीन हजारांच्या आसपास जाईल. मागचं साठलेलं व्याज भरून आता सुरुवात केली तर सूट लागू होईल का, हे शाखेकडून लेखी विचारा. उत्तर ‘नाही’ आलं, तर खरं व्याज सरळच असल्यामुळे दरमहा भरण्याची घाई उरत नाही. तीच रक्कम आवर्ती ठेवीत टाकून परतफेड सुरू होण्याआधी एकदम भरली, तरी व्याज मुद्दलात मिसळायचं टळतं. आणि मधल्या काळात अडचण आली तर पैसे तुमच्या हाताशी राहतात. उत्तर ‘हो’ आलं तर दरमहाच भरा आणि प्रत्येक वेळी व्याजापुरतंच भरा.

प्राप्तिकरात जुन्या पद्धतीने विवरण भरत असाल तर एवढं लक्षात ठेवा, की वजावट भरलेल्या व्याजाची मिळते, साठलेल्या व्याजाची नाही. ती जास्तीत जास्त आठ वर्षं मिळते आणि ही वर्षं व्याज भरायला सुरुवात केली त्या वर्षापासून मोजतात. मुलीला नोकरी लागून तिने स्वतःच्या पगारातून व्याज भरलं, तर ती वजावट तिला जास्त उपयोगी पडेल. तुमच्या उत्पन्नावर कर लागत नसेल तर त्यासाठी आत्ता भरण्यात काही हशील नाही.

तिसऱ्या वर्षाच्या फीसाठी या वेळी अंदाजपत्रकावर विसंबू नका. कॉलेजकडून या वर्षाचं फी मागणीपत्र घ्या आणि त्यावर मागची ८,००० शिल्लक वजा करून निव्वळ देय रक्कम लिहून मागा. फी १,१२,०००च राहिली, तर बँकेने १,०४,००० पाठवायचे आहेत. शाखेत अर्ज देताना हा आकडा अर्जातच लिहा, मागणीपत्र आणि लेजरची प्रत जोडा. नाहीतर मंजुरीपत्र उघडून पुन्हा १,२०,०००चाच डीडी काढला जाईल.